अंडं ज्याच्या हातात

सकाळपासून टर्नरचं डोकं सणकलेलं होतं, आणि त्याचं कारण लेकीचा फोन.

फोनवर ती गप्पा मारायला आलीच नव्हती, अटी घालायला आली होती. आज वाचनालयात तो मुलांचा जो खेळ घेणार होता, त्यात कुणी मरायचं नाही. भुतंखेतं नकोत. आईचा विषय निघता कामा नये. आणि पिटुकली घाबरली, रडली, रात्री दचकून उठली, तर शाळा सुटल्यावर तिला आजोबांकडे सोडणं बंद. पाळणाघरात जागा आहे, चौकशी करून ठेवलेली आहे. टर्नर फक्त "बरं" म्हणाला. फोन ठेवला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात एक सणसणीत शिवी हासडली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आणखी एक हासडली.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. सहा वर्षांच्या नातीला लेकीने सांगून ठेवलं होतं, की आजी लांबच्या गावी राहायला गेली आहे, तिला तिकडे काम आहे. टर्नरने मान हलवावी असं ठरलं, आणि त्या दिवसांत त्याच्या अंगात मान हलवण्यापलीकडे काही उरलंही नव्हतं. त्याने हलवली. आता रोज दुपारी पिटुकली त्याच्या स्वयंपाकघरात बसून दूध प्यायची, चित्रं काढायची, आणि आजी कधी येणार हे एकदाही विचारायची नाही. याचाही त्याला राग यायचा. पण तेवढ्या दोन तासांसाठी तो उरलेला दिवस ढकलत होता. ते गेले असते तर त्याच्याकडे घड्याळ तेवढं राहिलं असतं.

तीस वर्षं त्याने लेथवर लोखंड कातायचं काम केलं होतं, म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. कारखान्यातले तीन दोस्त आणि बायको, अशी त्यांची सुट्टीच्या संध्याकाळची बैठक असायची. पत्ते नाहीत, कॅरम नाही. टर्नर गोष्ट चालवायचा. "तुम्ही पुलाशी आलात, पूल तुटलाय," एवढं तो सांगायचा, आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. बायको त्यात चोर असायची. तलवार तिने कधी उपसली नाही, पहारेकऱ्यांना बोलबोलूनच ती घाईला आणायची. ती गेल्यावर बैठक बंद पडली. दोस्त एकदा येऊन बसले, चहा प्यायले, तिच्या खुर्चीकडे न बघण्याची शिकस्त केली आणि गेले. टर्नरने त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

वाचनालयाच्या बाईंना हा खेळ माहीत होता. मुलांच्या खोलीत एकदा चालवून बघा, म्हणून त्या महिनाभर मागे लागल्या होत्या. शेवटी तो हो म्हणाला, ते पिटुकली येणार म्हणून.

मोठ्यांचे नियम लहानांना चालणार नाहीत, एवढं त्याला कळत होतं. त्याने जवळजवळ सगळे काढून टाकले. एकच फासा. चार, पाच, सहा पडले तर जमलं. एक, दोन, तीन पडले तरी गोष्ट अडायची नाही, जमलं, "पण" काहीतरी गंमत झाली. प्रत्येकाने आपल्याला चांगली येणारी एक गोष्ट सांगायची. तिचा उपयोग असेल तर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. मरणं नाही, हरणं नाही. हे लेकीने सांगायच्या आधीच त्याने ठरवलं होतं, म्हणून तर तिची अट त्याला जास्त झोंबली. सगळे एकदम ओरडू नयेत म्हणून त्याने लेथवर लाकडाचं एक गुळगुळीत अंडं कातून आणलं. अंडं ज्याच्या हातात त्याने बोलायचं, एकच गोष्ट करायची, आणि अंडं पुढे द्यायचं. आणि अंडं हातात असताना तो जे सांगेल ते गोष्टीत खरं. त्याला कुणी "असं नसतं" म्हणायचं नाही.

टेबलाच्या मधोमध लाल पुठ्ठ्याची एक चकती ठेवली. खेळात काही आवडलं नाही, भीती वाटली, तर तिच्यावर बोट ठेवायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. ती गोष्ट गाळायची आणि पुढे जायचं.

मुलं चार. एक पैलवान, वय सात, आवाज सतरा वर्षांचा. एक चष्मेवाली. एक गप्पू, ज्याने आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. आणि पिटुकली. बाकीच्यांचे आईबाप बाहेर बाकावर बसले. लेक मात्र आत आली, मुलांची बुटकी खुर्ची ओढून पिटुकलीच्या मागे बसली, गुडघे हनुवटीला लावून. टर्नर म्हणाला, मोठी माणसं बाहेर थांबतात. लेक म्हणाली, मी काय मध्ये येतेय का? वाचनालयाच्या बाई एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघून पुस्तकं लावायला लागल्या.

सुरुवात पार फसली. टर्नरने दोस्तांना सांगायचा तशीच सांगायला घेतली. डोंगर, डोंगराखालचं गाव, गावाचा इतिहास. इतिहासाला हात घातला तोवर पैलवान टेबलाखाली होता आणि चष्मेवाली चकतीवर बोट ठेवून बसली होती. टर्नरने तिला विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं, "कंटाळा आला." मागून लेकीचा सुस्कारा ऐकू आला. टर्नरच्या मस्तकात तिडीक गेली. दात आवळून त्याने सगळा इतिहास सोडून दिला आणि टेबलावर थाप मारली.

"डोंगरात एक राक्षस शिंकतोय. त्याच्या शिंकेने गावातली छपरं उडताहेत. तुम्ही मदतीला निघालात. आँक्‌छी. छप्पर गेलं. पैलवान, अंडं घे. काय करतोस?"

पैलवान टेबलाखालून वर आला. छप्पर पकडतो, म्हणाला. फासा पडला दोन. जमलं, टर्नर म्हणाला, छप्पर पकडलंस, पण त्याच्यासोबत तूही उडालास. आता तू छपरावर बसून वरून सगळं गाव बघतोयस. पैलवानाला यापेक्षा मोठा विजय माहीत नव्हता. अंडं द्यायला सांगितलं तेव्हा त्याने चक्क दिलं.

मग गाडी रुळावर आली. टर्नरला हळूहळू उमगलं, की पोरांना सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त. डोळे मिटा, वास कसला येतोय? चष्मेवाली म्हणाली, ओल्या मोज्यांचा. झालं, डोंगराला ओल्या मोज्यांचा वास येऊ लागला. वाटेवर कोळ्यांचं जाळं आहे, असं त्याने म्हणताच तिने पुन्हा चकतीवर बोट ठेवलं, या वेळी कंटाळ्याने नाही. त्याने श्वासही न घेता जाळं काढून टाकलं आणि तिथे चिकट मुरंबा आणला. गप्पूला "काय करतोस" हा प्रश्न पेलेना, तेव्हा त्याला दोनच वाटा दिल्या, मुरंबा चाटतोस की उडी मारतोस? गप्पूने जीभ बाहेर काढून दाखवली. टर्नरने तेच उत्तर धरलं आणि फासा त्याच्या हातात दिला. सहा पडले. गप्पू हसला, पण आवाज काही आला नाही.

अडचण एकच होती. अंडं पिटुकलीच्या हातात आलं की मागून कुजबुज सुरू व्हायची. सांग, मी पळते. सांग, मी राक्षसाला रुमाल देते. नाही नाही, ते नको, पडशील. पिटुकली आईचं ऐकायची आणि जसंच्या तसं म्हणायची, पाढे म्हटल्यासारखं. तुला चांगलं काय येतं, असं सुरुवातीला विचारलं तेव्हाही उत्तर लेकीनेच दिलं होतं, तिला चित्रं छान येतात. दोन फेऱ्या टर्नरने गिळून घेतल्या. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "अंडं तुझ्या हातात आहे का गं?"

लेक म्हणाली, "मी तिला मदत करतेय, बाबा."

"आठ महिने चाललीय ही मदत."

लेकीचे कान लाल झाले. तिची आईही चिडली की आधी कानच लाल व्हायचे. आपण अट मोडायच्या काठावर आलो आहोत हे टर्नरला कळलं आणि तो घाईघाईने गोष्टीकडे वळला. राग आलेला माणूस घाई करतो आणि घाईत सवयीचं बोलतो. दोस्तांबरोबर खेळताना त्याची एक ठरलेली युक्ती होती. स्वतःला काही सुचलं नाही की तो प्रश्न खेळणाऱ्यावर ढकलायचा.

"डोंगराच्या पोटात एक दार आहे. पिटुकले, तू दार उघडलंस. आत कोण आहे?"

मागून कुजबुज आली नाही. लेक अजून बापाकडेच जळत्या नजरेने बघत होती.

पिटुकलीने अंडं दोन्ही हातांत धरलं. "आजी," ती म्हणाली.

वाचनालयाच्या बाईंच्या हातातलं पुस्तक तसंच अधांतरी राहिलं. चष्मेवालीने चष्मा सारखा केला. ती टर्नरच्याच गल्लीतली होती, तिच्या घरचे सगळे अंत्ययात्रेला आले होते.

लेक उठली. खुर्ची मागे कलंडली. "बस झालं. चल पिटू, घरी."

"अंडं माझ्याकडे आहे," पिटुकली म्हणाली. जागची हलली नाही.

लेकीने वाकून चकतीवर बोट ठेवलं, नखाखालचं मांस पांढरं पडेल इतकं दाबून. "हे घ्या. तुमचा नियम. गाळा आता."

टर्नरच्या आत जे महिनोन्‌महिने खदखदत होतं ते गळ्याशी आलं. पण आवाज चढला नाही, उलट खाली गेला, लेथचा पट्टा घसरल्यावर जातो तसा. "चकती खेळणाऱ्यांची आहे. तू खेळत नाहीस. हिने बोट ठेवलं तर मी आत्ता गाळतो."

सगळ्यांनी पिटुकलीकडे बघितलं. तिने चकतीकडे बघितलं. दोन्ही हात अंड्यावरच ठेवले.

पैलवानाला इतका वेळ गप्प राहायची सवय नव्हती. "तिची आजी मेलीय ना पण," तो म्हणाला. कुणाला दुखवायला नाही, तर एखादा नियम समजून घ्यावा तसा.

"माहितीये मला," पिटुकली म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता, आणि टर्नरने तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "खेळात आहे ती. मी सांगितलं म्हणजे आहे. असं नसतं म्हणायचं नाही."

पैलवानाने आजोबांकडे बघितलं. टर्नरने मान हलवली, बरोबर आहे तिचं. पैलवान म्हणाला, बरं मग, आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला. "आजी काय म्हणते? तिला राक्षस माहितीये का?"

तेव्हा टर्नरच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. खेळात चारही मुलं आपापली पात्रं होती. बाकी जो कुणी भेटेल, पहारेकरी, राक्षस, बोलका बेडूक, त्या सगळ्यांचं बोलणं खेळ चालवणाऱ्याने बोलायचं असतं. इतकी वर्षं त्याने शेकडो आवाज काढले होते. आता चार मुलं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याने बायकोच्या आवाजात बोलायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. ती दार उघडल्यावर पहिलं काय म्हणायची ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ते वाक्य जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथेच अडलं. त्याला लेकीचा राग आला, पैलवानाचा आला, नको त्या वेळी दार आणणाऱ्या स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा आला, जी असा सगळा पसारा त्याच्यावर टाकून निघून गेली. डॉक्टरकडे चल म्हटलं की "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणणारी बाई.

त्याने हात पुढे केला आणि चकतीवर बोट ठेवलं, लेकीच्या बोटाच्या शेजारी.

"मला नाही जमत," तो म्हणाला. "खेळ चालवणाराही खेळणाराच असतो. का, ते विचारू नका."

कुणी विचारलं नाही. नियम तसाच होता. चष्मेवाली हळूच म्हणाली, मग आजी गाळायची का? पिटुकलीचा खालचा ओठ पुढे आला. ती विचार करत होती. मग म्हणाली, "आजी नाही गाळायची. आजोबांचा आवाज गाळायचा. मी करते आजी."

ती खुर्चीवर उभी राहिली. अंडं एका हातात घेऊन दुसरा हात कमरेवर ठेवला. मान जराशी तिरकी केली. ती मान टर्नरने चाळीस वर्षं पाहिली होती.

"अहो," पिटुकली म्हणाली.

आठ महिन्यांत त्याला कुणी "अहो" म्हटलं नव्हतं.

"अहो, काय चाललंय हे? पोरीला काय सांगितलंत तुम्ही? मी गावाला गेले? आणि माझी चप्पल घरी कशी? चष्मा पण घरी. मी काय अनवाणी गेले? आंधळी गेले?" आता ती आईकडे वळली. "आणि तू गं. मला विचारलंस का? फोन तरी केला असता ना मी. गावाला फोन नसतो का? तिला वाटलं मी तिच्यावर रागावले. मी रागावले नव्हते. मी मेले होते."

एवढं बोलून तिला धाप लागली. ती खाली बसली, आपल्या आवाजात "झालं" म्हणाली आणि अंडं गप्पूला देऊन टाकलं.

लेक चकतीवरचं बोट काढायला विसरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. वाचनालयाच्या बाई कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. टर्नरला वाटलं, संपला खेळ.

पण गप्पूच्या हातात अंडं होतं. ते त्याने फिरवून फिरवून बघितलं आणि आल्यापासून पहिल्यांदा बोलला. "मी आजीला मुरंबा देतो."

टर्नरने फासे उचलले. गप्पूला चांगलं काय येतं ते त्याने सांगितलं नव्हतं, दाखवलं होतं ते चाटणं, आणि देणं काही त्यात बसत नव्हतं. म्हणून एकच फासा. तीन पडले. "जमलं," टर्नर म्हणाला, आणि आवाज फाटला तसाच पुढे ढकलला, "पण मुरंबा सगळ्यांच्या हातांना चिकटला. आता तुम्ही सगळे एकमेकांना चिकटलात. आजीपण. चष्मेवाली, अंडं घे. घ्यायला जमतंय का बघ."

ते पाचही जण तसे चिकटलेलेच राक्षसापर्यंत गेले. राक्षसाला सर्दी झाली होती आणि त्याच्याकडे रुमाल नव्हता. पैलवानाने छप्पर दिलं, ते राक्षसाच्या नाकाला बरोबर बसलं. आजी त्यानंतर एकदाच बोलली, राक्षसाला, की पाय पुसून आत ये. चष्मेवालीने तिला विचारलं, तुम्ही परत येणार का आमच्याबरोबर, आणि पिटुकली आजीच्या आवाजात म्हणाली, नाही, मी इथेच राहते. कुणी रडलं नाही. फासे चालू होते.

खेळ संपल्यावर व्हरांड्यात लेकीने त्याला गाठलं. पिटुकली आत गप्पूबरोबर अंडं लपवत होती.

"झालं समाधान?" लेक म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला काय वाटलं, मला खोटं बोलायची हौस होती? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. वेणी घालता घालता सांगायचं. वेणी व्हायची आणि ती शाळेत जायची. तुम्ही एकदा तरी म्हणालात, मी सांगतो म्हणून? मान हलवलीत आणि बसलात. सगळं माझ्यावर."

टर्नरला उत्तर हवं होतं. चांगलं तिखट, तिला लागेल असं. शोधलं, पण सापडलेलं प्रत्येक उत्तर तिच्याच बाजूचं निघालं. त्याने आणखी चिडून भिंतीवर हात मारला. हाताला लागलं.

"तिला वाटत होतं आजी तिच्यावर रागावलीय," लेक म्हणाली. "आठ महिने. आणि माझ्या शेजारी झोपायची ती." नाक पुसून ती त्याच्यावरच खेकसली. "दवाखान्यात काय झालं ते विचारेल आता. सगळं विचारेल. मला नाही सांगता येणार."

"मलाही एकट्याला नाही येणार."

"मग?"

"सोमवारी तू ऑफिसातून थेट ये. मी तिला शाळेतून आणतो. दोघं मिळून सांगू. तू अडलीस तर मी, मी अडलो तर तू."

लेकीचे कान अजून लालच होते. तिने त्याला माफ केलेलं नव्हतं, आणि त्यानेही तिला नव्हतं. मग तिने दारातून पिटुकलीला हाक मारली, ती बाहेर येताच तिच्या हातातली पाण्याची बाटली आणि स्वेटर काढून घेतला आणि दोन्ही टर्नरच्या छातीवर जवळजवळ आपटलं.

"धरा. आणि सोमवारी शाळा सुटायच्या आधी उभे राहा. तिला वाट बघायला लावू नका."

"मी कधी लावली?"

"भांडू नका," पिटुकली दोघांच्या मधून वाट काढत म्हणाली, आणि एकटीच पुढे पायऱ्या उतरू लागली.